जुगाराच्या व्यसनासाठी समुपदेशन : पहिल्या दूरध्वनीपासून पहिल्या भेटीपर्यंत

‘मटका अड्ड्यावर छापा, रोख रक्कम व साहित्य जप्त’ हा मथळा गोव्यातील वृत्तपत्रांच्या कचेरीत बसणाऱ्या कोणाही उपसंपादकाने इतक्या वेळा लिहिलेला असतो, की तो आता बोटांनाच पाठ झालेला आहे. त्या चार ओळींच्या बातमीत संशयिताचे वय असते, पोलीस ठाण्याचे नाव असते, जप्त रकमेचा आकडा असतो. रोज तिथे चिठ्ठी लावणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र बातमीत कधी येत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाड्यावर गेला असेल, किंवा एखाद्या रात्री मोबाईलवर मदतवाहिनीचा क्रमांक टाकून त्याने तो पुसलाही असेल.

क्रमांक पुसण्यामागे बहुधा तीन शंका असतात. समोरचा माणूस उपदेश करील का, पोलिसांना कळवील का, आणि थेट बांबोळीला दाखल करून घेतील का. तिन्हींची उत्तरे बहुतेक प्रसंगी ‘नाही’ अशी आहेत. त्या दूरध्वनीत आणि त्यानंतरच्या पहिल्या भेटीत प्रत्यक्षात घडते ते फारच साधे असते : बराचसा वेळ हिशेब मांडण्यात जातो.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक गृहस्थ डोळ्यांसमोर धरू. त्यांना दिनेश म्हणू. वय चौतीस, फोंडा तालुक्यात घर, एका हॉटेलच्या भांडारात नोकरी, हातात येणारा पगार अठ्ठावीस हजार रुपये. घरी पत्नी आणि दुसरीत शिकणारी मुलगी. सुरुवात मटक्याच्या दहा-वीस रुपयांच्या चिठ्ठीने झाली. पुढे एका सहकाऱ्याने क्रिकेटवर पैसे घेणाऱ्या बुकीचा क्रमांक दिला. एका रात्री सामन्यावर लावलेले पाच हजार गेले आणि दीड वाजता, सगळे झोपलेले असताना, त्यांनी अंगणात उभे राहून १४४१६ हा क्रमांक लावला.

हा क्रमांक ‘टेली-मानस’चा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आहे. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीसह वीस भाषांत तिथे बोलता येते. ही वाहिनी केवळ जुगारासाठीची नाही. झोप न लागण्यापासून परीक्षेच्या ताणापर्यंत सर्व तऱ्हेचे फोन तिथे येतात, आणि ही गोष्ट आधीच माहीत असणे उपयोगाचे ठरते, ते का ते पुढे येईलच. सारखाच दिसणारा १४४४६ हा क्रमांक मात्र वेगळा आहे. ती सामाजिक न्याय मंत्रालयाची, दारू व अमली पदार्थांच्या व्यसनासाठीची वाहिनी. दोहोंत एका अंकाचा फरक असल्याने गल्लत होते. ज्यांना दारू आणि जुगार दोन्ही आहे, त्यांना दुसरीचाही उपयोग होऊ शकतो.

फोन लागल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडावयास सांगतो. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागतो. नाव, वय, गाव विचारले जाते. खरे नाव सांगायचे नसेल तर तसे म्हणता येते. आणि इथेच पहिली चूक होते. फोन करणारा म्हणतो, “झोप येत नाही, फार टेन्शन आहे.” समुपदेशक झोपेविषयी विचारतो, दीर्घ श्वासाचा व्यायाम सांगतो, रात्री चहा टाळावयास सांगतो. फोन संपतो आणि जुगार हा शब्द उच्चारलाच गेलेला नसतो. समोरच्याचा यात दोष नाही. त्याला जे सांगितले त्यावरच तो बोलला. म्हणून पहिल्या दोन वाक्यांतच ‘मी पैसे लावून खेळतो, थांबवता येत नाही, कर्ज झाले आहे’ असे सांगून टाकलेले बरे. दिनेश यांना हे वाक्य उच्चारावयास चार मिनिटे लागली. मदतवाहिनीवर अशी शांतता नेहमीची असते; समुपदेशक फोन ठेवून देत नाही.

त्यानंतरचा प्रश्न ऐकून अनेक जण दचकतात : “आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना? जीव द्यावा असा विचार मनात आला आहे का?” हा प्रश्न सरळ शब्दांत विचारला जातो, कारण कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यामध्ये तो धोका खरोखरच मोठा असतो. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणी तरी विचारले याचे हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर संभाषणाची दिशा बदलते. कर्ज, खेळ, पत्नीला सांगायचे की नाही, हे सगळे बाजूला राहते आणि घरात आत्ता कोण जागे आहे, कोणाला उठवता येईल, जवळ काही घातक वस्तू आहे का, ती दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल का, यावरच बोलणे होते. गरज भासल्यास फोन दुसऱ्या स्तरावर जातो, जिथे मनोचिकित्सक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते असतात. जीव तातडीने धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२ लावावा लागतो.

दिनेश यांनी ‘नाही, पण सगळे सोडून कुठे तरी निघून जावे असे वाटते’ असे सांगितले. समुपदेशकाने ते तेवढ्यावर सोडले नाही. ‘निघून जावे’ म्हणजे नेमके काय, असे विचारून अर्थ स्पष्ट करून घेतला. मग त्या रात्रीपुरत्या दोनच गोष्टी ठरल्या : सकाळपर्यंत कोणताही व्यवहार करायचा नाही, आणि आठवड्याच्या आत प्रत्यक्ष भेट घ्यायची. पुन्हा फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी, पत्नीने उचलला तर काय म्हणायचे, हेही विचारून घेतले गेले. स्वतःहून पुन्हा फोन लावला तर तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे आधी झालेले बोलणे थोडक्यात पुन्हा सांगण्याची तयारी ठेवावी.

मदतवाहिनी काय करू शकत नाही हेही स्पष्ट असले पाहिजे. ती कर्ज फेडत नाही, सावकाराशी बोलत नाही, बुकीकडे गेलेले पैसे परत मिळवून देत नाही. कर्ज देणारे ॲप धमक्या देत असेल किंवा फोटो पसरवत असेल, तर तो सायबर गुन्ह्याचा विषय. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. स्वतः लावून हरलेले पैसे मात्र तिथे फसवणुकीत मोजले जात नाहीत.

पोलिसांची भीती अगदीच निराधार आहे असे नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानुसार मटका आपल्याकडे गुन्हाच आहे. कॅसिनोंमध्ये १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळण्यासाठी प्रवेश नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. त्यातील शिक्षा खेळ पुरवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना व त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्यांना आहेत. पण समुपदेशकाचे काम गुन्हे नोंदवण्याचे नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. याला अपवाद आहेत : कोणाच्या जीवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणे आवश्यक असेल तर माहिती दिली जाऊ शकते. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो. सांगितले नाहीत तर आपण विचारावेत.

दिनेश यांना बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यास सुचवले गेले. (बांबोळीच्या थांब्यावर उतरणारा प्रत्येक जण गोमेकॉतच निघाला आहे असे बसमधल्यांना वाटते, ही त्यातल्या त्यात सोय.) सरकारी बाह्यरुग्ण विभागात नोंदणी, रांग आणि केसपेपर ओघाने आलेच, गर्दीच्या दिवशी पहिली भेट पंधरा-वीस मिनिटांत आटोपते आणि सविस्तर बोलण्यासाठी दुसरी वेळ मिळते. खासगी समुपदेशकाकडे पाऊण तास ते तास मिळतो, पण शुल्क असते. शुल्क किती, हे आधीच फोनवर विचारावे. कर्जात असलेल्या माणसाने ते विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पहिला प्रश्न बहुधा ‘आजच का आलात?’ असा असतो. सवय आठ वर्षांची असेल, पण आजच येण्यामागे काही तरी घडलेले असते : पत्नीला बँकेचा संदेश दिसला, पतसंस्थेचा माणूस घरी आला, मुलीची फी राहिली. ते कारण समुपदेशक टिपून ठेवतो, कारण पुढे कंटाळा येईल तेव्हा त्याचीच आठवण द्यावी लागते. मग सुरुवात कशी झाली, पहिला मोठा लाभ केव्हा झाला, हे विचारले जाते. जुगारात अडकलेल्यांपैकी अनेकांना सुरुवातीची एक मोठी जीत तारखेसह आठवते. हरलेले दिवस मात्र एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

म्हणूनच पुढचा भाग कागदावर होतो. समुपदेशक गेल्या चार आठवड्यांचे कॅलेंडर पुढे ठेवतो. त्यावर आधी ओळखीच्या खुणा करतात : पगाराचा दिवस, सामन्यांचे दिवस, चतुर्थीची सुटी, मुलीचा ताप. त्या खुणांच्या आधाराने कोणत्या दिवशी किती पैसे लावले आणि किती परत आले ते भरले जाते. दिनेश यांनी आधी अंदाज सांगितला होता, “महिन्याला पाच-सहा हजार जात असतील.” मोबाईलमधील बँकेचे व्यवहार उघडून भरलेला तक्ता वेगळे सांगू लागला. पगारानंतरच्या पहिल्या आठवड्यात साडेअकरा हजार गेले, चार हजार आले. दुसऱ्यात सहा हजार गेले, काहीच आले नाही. तिसऱ्यात नऊ हजार गेले आणि साडेबारा हजार आले. चौथ्यात चौदा हजार गेले, दीड हजार आले. एकंदर गेले साडेचाळीस हजार, आले अठरा हजार. निव्वळ तोटा साडेबावीस हजार, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या पगारातून उरले साडेपाच हजार.

दिनेश यांची फसवणूक करण्याची इच्छा नव्हती. त्यांनी जिंकलेली रक्कम ‘आपली’ धरली आणि पुन्हा लावून गेलेली मोजलीच नाही. बहुतेकांचा अंदाज असाच चुकतो. समुपदेशकाने बोट मात्र तोट्याच्या आठवड्यांवर ठेवले नाही, तिसऱ्या आठवड्यावर ठेवले. साडेतीन हजारांचा तो एकमेव फायदा. आणि त्याच्याच पुढच्या आठवड्यात महिन्यातील सर्वांत मोठी रक्कम गेली. हरल्यावर हात आखडतो आणि जिंकल्यावर सुटतो, हे स्वतःच्याच आकड्यांत पाहिल्यावर उपदेशाची गरज उरत नाही.

यानंतर निदानाचे प्रश्न येतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत, आणि वर्षभराच्या काळात त्यांतील चार किंवा अधिक आढळली तर विकार आहे असे मानतात. सगळी इथे देत नाही. दिनेश यांना लागू पडलेली सहा सांगतो. पूर्वी वीस रुपयांत मिळणारी मजा आता हजारांशिवाय मिळत नव्हती. सोडण्याचा प्रयत्न तीनदा फसला होता. कामावर असतानाही डोक्यात तेच घोळत होते. गेलेले भरून काढायला दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावत होते. घरी खोटे बोलत होते. आणि अडचण निभावण्यासाठी इतरांकडे पैसे मागत होते. चार-पाच लक्षणे असल्यास विकार सौम्य, सहा-सात असल्यास मध्यम आणि आठ-नऊ असल्यास तीव्र, असे ढोबळ वर्गीकरण आहे.

इथे एक प्रश्न विचित्र वाटतो : “कंपवातासाठी काही औषध चालू आहे का?” प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. घरातील साठीच्या गृहस्थांनी एकाएकी चिठ्ठ्या लावावयास सुरुवात केली असेल तर औषधांची यादी घेऊन जावे. औषध मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. त्याचप्रमाणे झोप न घेता दिवसेंदिवस अतिउत्साहात राहणे, अवाजवी खर्च करणे, असे काही झाले होते का, हेही विचारतात, कारण तो वेगळ्या विकाराचा भाग असू शकतो.

कर्जाची यादी हा भेटीतील सर्वांत अवघड भाग. दिनेश यांनी आधी पतसंस्थेचे साठ हजार सांगितले. मग सहकाऱ्याचे पंधरा हजार. थोड्या वेळाने दोन ॲपांचे मिळून बावीस हजार. आणि निघण्याच्या बेतात असताना, पत्नीच्या बांगड्या तारण ठेवून घेतलेले पंचेचाळीस हजार. एकूण एक लाख बेचाळीस हजार. लाजेची रक्कम शेवटी बाहेर पडते, हे समुपदेशकांना माहीत असते. म्हणून ‘आणखी काही?’ हा प्रश्न ते दोनदा विचारतात.

यावर सुचवला जाणारा मार्ग घरच्यांना अनेकदा पटत नाही. आई किंवा मोठा भाऊ ‘एकदाचे सगळे फेडून टाकतो, पण पुन्हा नाही’ म्हणून पुढे येतो. समुपदेशक बहुधा थांबा म्हणतो. एका रात्रीत कर्ज मिटले की माणसाला मोकळा हात मिळतो आणि कर्ज घेण्याची पतही परत येते. अनेक घरांत दुसरे, मोठे कर्ज अशाच सुटकेनंतर झालेले असते. त्याऐवजी यादी लिहून, ज्याचे व्याज जास्त किंवा ज्याचा जाच जास्त ते आधी, अशा क्रमाने हप्ते ठरवतात. जुने फेडायला नवे घ्यायचे नाही, ही एक अट त्यात असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका व वित्तीय कंपन्यांचे वसुली प्रतिनिधी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, एवढी माहितीही धास्तावलेल्या माणसाला त्या दिवशी उपयोगी पडते.

पहिल्या भेटीतून औषध मिळेलच असे नाही. केवळ जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध नाही. नैराश्य वा चिंता असेल तर त्यावर उपचार होतात, आणि काही रुग्णांना मनोचिकित्सक नालट्रेक्सोन हे दारूच्या व्यसनात वापरले जाणारे औषध देतात. हाती मिळतात त्या मुख्यतः पैसा आणि जुगार यांच्यातील अंतर वाढवणाऱ्या, अगदी घरगुती वाटणाऱ्या व्यवस्था. दिनेश यांच्या बाबतीत अशा तीन ठरल्या. बुकीचा क्रमांक समुपदेशकासमोरच बंद केला. बँकेच्या ॲपमध्ये दिवसाची मर्यादा पाचशे रुपयांवर आणली. आणि कामावरून परतताना ज्या चहाच्या गाड्याजवळ चिठ्ठी घेतली जाई, तो रस्ता टाळून दुसऱ्या थांब्यावर बस धरायचे ठरले. ओढ लागली तर ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ हाती पैसा नसणे, हेच या सगळ्याचे गमक.

पगाराचे खाते काही महिने पत्नीच्या देखरेखीखाली असावे हेही सुचवले गेले, पण त्यासाठी तिला सगळे सांगणे आले. समुपदेशक स्वतःहून पत्नीला कळवत नाही आणि ‘आजच सांगा’ असा आग्रहही धरत नाही. दिनेश यांनी दुसऱ्या भेटीला तिला सोबत आणण्याचे मान्य केले. बांगड्यांची गोष्ट तिथेच, तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत निघावी असे ठरले.

उलट प्रसंगही पुष्कळ घडतो : फोन पत्नीच करते, नवरा यायला तयार नसतो. १४४१६ वर तिचाही फोन घेतला जातो. तिला नवऱ्याला ‘सुधारण्याची’ युक्ती मिळत नाही, स्वतःला सावरण्याची मिळते : दागिने व कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत, नवीन कर्जावर जामीन म्हणून सही करू नये, संयुक्त खात्यातील बचत वेगळी करावी, आणि हरून आल्याच्या रात्री वाद न घालता सकाळी बोलावे. मारहाण होत असेल तर तेही त्याच फोनवर सांगावे. तो प्रश्न आधी हाताळला जातो.

आता थोडे नकली समुपदेशकांविषयी, कारण या क्षेत्रात पाट्या पुष्कळ आहेत. पहिल्याच भेटीत देवाची शपथ घ्यायला लावणारा, तीन बैठकांत खात्रीने व्यसन सोडवतो म्हणणारा, दहा भेटींचे पैसे आगाऊ मागणारा, किंवा ‘कर्जही मिटवून देतो’ म्हणणारा माणूस समुपदेशक नव्हे. आणखी एक खूण : त्याने आत्महत्येच्या विचारांविषयी आणि कर्जाच्या आकड्याविषयी विचारलेच नाही, तर त्याला जुगाराचा प्रश्न माहीत नाही असे खुशाल समजावे. अशा वेळी दुसरीकडे जावे.

भेटीला जाताना तीन महिन्यांचे बँक व्यवहार, चालू औषधांची चिठ्ठी आणि जमेल तेवढी कर्जांची यादी सोबत न्यावी. यादी अपुरी असली तरी चालते. दिनेश यांची दुसरी भेट दहा दिवसांनी, पगाराच्या आदल्या दिवशी ठरवण्यात आली. तारीख मुद्दामच तशी निवडलेली होती, कारण त्यांच्या तक्त्यात सगळे आठवडे पगारापासूनच सुरू होत होते.